मेणबत्तीची किंमत: माझ्या वहीतला एका बॅचचा हिशेब

प्रश्न: घरी सोया वॅक्सच्या सुगंधी मेणबत्त्या करते, 200 मिलीच्या काचेच्या जारमध्ये. मेण आणि सुगंधाच्या खर्चाची तिप्पट किंमत लाव असं सगळे सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर: पहिली दिवाळी मीही त्याच तिपटीवर काढली. साठ जार विकले, महिनाभर पाठ दुखली आणि हातात उरले ते पुढच्या मेणाचे पैसे. म्हणून आता आकडे एका जारचे नाही, अख्ख्या बॅचचे मांडते.

आधी एक वजनाची गोष्ट. 200 मिलीच्या जारमध्ये 200 ग्रॅम मेण जात नाही. मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, शिवाय वर जागा सोडावी लागते. माझ्या जारमध्ये सुगंधासकट 150 ग्रॅम बसतं. रिकामा जार काट्यावर ठेवून एकदा भरून बघा. सुगंधी तेलही मिलीत मोजू नका, ग्रॅममध्येच मोजा. प्रत्येक तेलाची घनता वेगळी, त्यामुळे चमच्याने किंवा मापट्याने घातलं की कधी 7 टक्के पडतं, कधी 9.

आता 12 जारची बॅच घ्या. एकूण 1,800 ग्रॅम मिश्रण लागतं. मेणाच्या वजनाच्या 8 टक्के सुगंध धरला, तर मेण साधारण 1,667 ग्रॅम आणि तेल 133 ग्रॅम. मला मेण 350 रुपये किलोने आणि तेल 2,400 रुपये किलोने पडतं, दोन्ही घरपोच. म्हणजे एका जारमागे 75 रुपये. तुमची तिप्पट इथे 225 होते. हा आकडा लक्षात ठेवा.

त्याच जारचं बाकीचं सामान बघा: झाकणासह जार 55, वात आणि तिचा स्टिकर 5, वरचं आणि तळाचं लेबल 7, बॉक्स 22. झाले 89. म्हणजे आतल्या मालापेक्षा बाहेरचा साज महाग, आणि तिपटीच्या हिशेबात तो धरलेलाच नाही. सगळे मिळून 164.

मग नुकसान. बारापैकी सरासरी एक जार माझा विकण्याजोगा राहत नाही. कधी काचेला तडा जातो, कधी वात कलते, कधी लेबल वाकडं चिकटतं आणि काढताना फाटतं. वरचा खड्डा हीट गनने बुजवता येतो, पण त्यात वेळ जातो. म्हणून 12 जारचा 1,968 रुपये खर्च 12 ने नाही, 11 ने भागते: 179. (तुमचा आकडा वेगळा निघेल. तीन बॅच लिहून ठेवा, मग कळेल.) शिवाय प्रत्येक नव्या सुगंधाला वात निवडण्यासाठी मी तीन जार जाळून बघते. वात बारीक असली की मेण कडेपर्यंत वितळत नाही आणि मध्ये विहीर पडते. जाड असली की काजळी धरते आणि काच तापते. हे जवळपास 500 रुपये पहिल्या 50 नगांवर वाटले की नगाला 10.

मजुरीचं सगळ्यांना अवघड जातं, 'घरीच तर करते' म्हणून. मी ओतण्यापासून बॉक्स बंद करेपर्यंत मोबाइलवर वेळ लावला. 12 जारला चार तास गेले, त्यात एक तास निव्वळ 'ताई, लव्हेंडर आहे का?' या मेसेजना उत्तरं देण्यात. तासाला 100 रुपये धरले, तर 11 नगांवर 36. वीज-गॅसचे 2. सगळं मिळून 227.

म्हणजे तिपटीच्या 225 मध्ये तुम्ही दोन रुपये पदरचे घालून विकता, आणि नफा अजून सुरूही झालेला नाही.

तरी घरून थेट विकलं तर 299 ला चालून जाईल. गंमत दुकानात ठेवल्यावर होते. माझ्या इथला गिफ्टवाला 35 टक्के घेतो. 299 वर हाती येतात 194, म्हणजे नगामागे 33 चा खड्डा. 399 ला 259 येतात आणि 32 उरतात. म्हणून मी छापील किंमत 399 ठेवते आणि घरूनही त्याच भावाने देते. तुम्ही 299 ला देता हे दुकानदाराला कळलं, की दुसऱ्या दिवशी जार परत येतात. प्रदर्शनाचं भाडंही असंच तपासा. दोन दिवसांचे 3,000 भरून 30 जार गेले, तर नगामागे 100 तिथेच संपले.

399 फार वाटत असेल तर सुगंधाला हात लावू नका. 8 वरून 6 टक्क्यांवर आलात तर जारमागे जेमतेम पाच रुपये वाचतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'वास येत नाही हो.' त्यापेक्षा एका वेळी 24 ओता. मला तेव्हा आठ नाही, साडेपाच तास लागतात, आणि 22 नगांवर मजुरी 25 वर येते.