रजिस्टरमधली पुस्तकी किंमत कोणत्या तारखेची?

प्रश्न: वर्षाच्या मध्येच एक मशीन विकलं. असेट रजिस्टरमधला संचित घसारा वजा करून मी हिशेब केला तर तोटा येतो, सॉफ्टवेअर मात्र नफा दाखवतंय. बरोबर कोण?

बहुधा सॉफ्टवेअर. पण तेही पूर्ण बरोबर असेलच असं नाही.

तुम्ही घेतलेला संचित घसारा मागच्या वर्षअखेरचा असणार. विक्रीच्या तारखेपर्यंतचा घसारा त्यात नाही. सॉफ्टवेअर विक्रीची नोंद टाकताना आधी तो घसारा लावतं आणि मग पुस्तकी किंमत काढतं, म्हणून तुमचा आकडा वेगळा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण याच मुद्द्यावर माझा एका वरिष्ठांशी चांगलाच खटका उडाला होता आणि ते प्रकरण तिथेच संपलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं एक पॅकिंग मशीन होतं. मूळ किंमत ८,००,०००, अवशिष्ट मूल्य ८०,०००, आयुष्य ६ वर्षं, घसारा सरळ रेषेने. म्हणजे वर्षाला १,२०,००० आणि महिन्याला १०,०००. तीन वर्षं पूर्ण झाली, चौथ्या वर्षी सातव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते ३,९०,००० ला विकलं. सुटं करून उतरवून देण्याचा ५,००० खर्च आमच्याकडे होता, म्हणजे हातात निव्वळ ३,८५,०००.

साहेबांनी मागच्या वर्षअखेरची रजिस्टरची प्रिंट काढली. संचित घसारा ३,६०,०००, पुस्तकी किंमत ४,४०,०००, त्यातून ३,८५,००० गेले, तोटा ५५,०००. पेन्सिलने खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, ‘टाक एन्ट्री.’

मी म्हटलं, साहेब, सात महिने मशीन चाललंय, त्याचे ७०,००० घसाऱ्यात जायला हवेत. तसं केलं की पुस्तकी किंमत ३,७०,००० होते आणि विक्रीवर १५,००० नफा येतो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: ‘७०,००० घसारा टाक आणि १५,००० नफा दाखव, नाहीतर सरळ ५५,००० तोटा दाखव. शेवटी नफ्यातून जाणार तेवढेच ना? मग कशाला उपद्व्याप?’

बेरजेपुरतं ते खरं आहे, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण घसारा उत्पादन खर्चात जातो आणि विक्रीवरचा तोटा वेगळ्या ओळीत दिसतो. सात महिन्यांचा माल त्या मशीनवर निघाला आणि त्याच्या खर्चात मशीनचा एक पैसाही नाही, हे मला पटत नाही. शिवाय वाचणाऱ्याला वाटतं, मशीन पडेल भावात फुंकलं. खरं तर खरेदी विभागाने बरा भाव मिळवला होता.

पण त्यांच्या प्रिंटकडे बघताना माझी नजर मशीनच्या ओळीखालच्या ओळीवर गेली. मशीनचा टॅग पीके-०७, आणि खाली पीके-०७/१, वर्णन ‘सेन्सर किट’. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ६०,००० खर्चून मशीनला बसवलेलं किट भांडवली खर्च म्हणून वेगळ्या ओळीत चढवलं होतं. मशीनचं उरलेलं आयुष्य ४ वर्षं, म्हणून त्याचा घसारा वर्षाला १५,०००, महिन्याला १,२५०. ते किट मशीनबरोबर ट्रकमध्ये चढून गेलं होतं. रजिस्टरमध्ये मात्र विक्रीच्या तारखेचा रकाना मोकळा.

आता हिशेब पुन्हा करा. किटचा मागच्या वर्षअखेरचा संचित घसारा १५,०००, चालू वर्षाच्या सात महिन्यांचा ८,७५०, पुस्तकी किंमत उरली ३६,२५०. मशीनची ३,७०,००० आणि ही मिळून ४,०६,२५०. मिळाले ३,८५,०००. तोटा २१,२५०. म्हणजे साहेबांचा तोटा चूक आणि नुसतं मशीन बघून काढलेला नफाही चूकच.

त्यांचं ‘शेवटी तेवढेच’ इथे साफ कोसळतं. दोन्ही ओळींचा मिळून खरा भार सात महिन्यांचा घसारा ७८,७५० अधिक तोटा २१,२५०, म्हणजे बरोबर १,००,०००. त्यांच्या पद्धतीत ५५,००० च गेले असते आणि उरलेले ४५,००० जागेवर नसलेल्या किटच्या नावाने रजिस्टरमध्ये मालमत्ता म्हणून बसले असते. पुढे दर महिन्याला त्यावर १,२५० घसाराही पडत राहिला असता.

हे ताळमेळात सापडलं असतं, असं कुणी म्हणेल. नाही सापडत. रजिस्टर आणि लेजर जुळवून बघितलं तर पैसा न् पैसा जुळतो, कारण ती ओळ दोन्हीकडे तशीच असते. म्हणून ‘ताळमेळ बसला’ हे विक्री तपासल्याचा पुरावा म्हणून मी कधीच धरत नाही.

मी काय करतो, तर विकलेल्या वस्तूचा टॅग आणि ती ठेवलेली जागा, या दोन्हींवर रजिस्टर गाळून बघतो. उपटॅग, नंतरची भर, साचे, कंट्रोल पॅनेल, जे जे त्या जागी दिसेल ते खरेदीदाराच्या डिलिव्हरी चलनाशी पडताळतो. मग एन्ट्रीनंतर त्या प्रत्येक ओळीची मूळ किंमत आणि संचित घसारा हे दोन्ही वेगवेगळे शून्य झाले का, ते पाहतो. नुसती पुस्तकी किंमत शून्य दिसून भागत नाही. कुणी विक्रीची रक्कम थेट मालमत्ता खात्यात जमा करून उरलेला फरक नफा-तोट्यात टाकला, तरी पुस्तकी किंमत शून्यच दिसते. मूळ किंमत आणि संचित घसारा मात्र एकमेकांना खाऊन तसेच पडून राहतात आणि दोन्हींच्या एकूण बेरजा फुगतात. शेवटची नजर पुढच्या महिन्याच्या घसारा यादीवर. विकलेला टॅग किंवा त्याचं पिल्लू तिथे दिसलं, तर काम अर्धवट आहे.

आता थोडं सावधपणे. महिन्याच्या मध्ये विकलं तर त्या महिन्याचा घसारा पूर्ण, अर्धा की दिवसांच्या हिशेबाने, हे तुमच्या कंपनीच्या धोरणावर आहे. सॉफ्टवेअरमधली सेटिंग त्याच्याशी जुळते का ते बघा. तुमच्या फरकाचा एखादा तुकडा तिथेही असू शकतो. आंतरराष्ट्रीय मानकं पाळत असाल आणि विक्रीपूर्वीच मालमत्ता ‘विक्रीसाठी राखून ठेवलेली’ म्हणून वर्ग केली असेल, तर त्या दिवसापासून घसारा थांबतो. मग विक्रीच्या तारखेपर्यंत लावलेला घसाराच चुकीचा. पुनर्मूल्यांकन झालं असेल तर त्याचा राखीव निधी नफा-तोट्यात आणायचा नाही, तो थेट संचित नफ्याकडे वळवता येतो. आणि कराच्या हिशेबातली शिल्लक किंमत इथे मिसळू नका, तिचे दर आणि नियम वेगळे.

साहेबांना मी किटची ओळ दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘रक्कम किरकोळ आहे.’ २१,२५० किरकोळ असतील तर १५,००० चा घोळ सोडवायला त्यांनी मला संध्याकाळपर्यंत का बसवलं होतं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. तुमच्याकडेही कुणी ‘एकूण परिणाम तोच’ म्हणालं, तर आधी त्यांना त्या टॅगखालच्या सगळ्या ओळी मोजायला सांगा.