कॉलम हलत नसतो, हलवला जातो

प्रश्न: घराचं आरसीसी झालंय, दोन स्लॅब पडलेत. सांगाड्याच्या फोटोवरच तयार घर कसं दिसेल ते घरच्यांना दाखवायचंय. एआयमध्ये फोटो टाकला की चित्र छान येतं, पण कॉलमच्या जागा बदलतात. कॉलम-बीम आहेत तसेच ठेवून रेंडर कसा करू?

भाऊ, फक्त एआयला दोष देऊ नका. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात पैसे घेऊन एलिव्हेशन करून देणारे सुद्धा हेच करतात. साइटवर न जाता ड्रॉइंग उघडतात, आणि ड्रॉइंगमधलं घर अन् उभं राहिलेलं घर ही दोन वेगळी घरं असतात.

अमळनेरकडच्या एका घराचं सांगतो. दर्शनी बाजूला चार कॉलम, मधली अंतरं, म्हणजे गाळे, मध्य ते मध्य साडेदहा, बारा आणि नऊ फूट. कॉलम ९ बाय १५ इंची, ९ इंची तोंड रस्त्याकडे. रेंडरमध्ये शेवटचे दोन गाळे जोडून २१ फुटांचा मोकळा पोर्च दाखवलेला, म्हणजे तिसरा कॉलम गायब. गॅलरी ४ फूट बाहेर काढलेली, आणि साइटवर टेप लावला तर स्लॅब सव्वातीन फूटच बाहेर आलेला. मालकाने त्या चित्रावर खिडक्यांची आणि ग्रिलची ऑर्डर द्यायची का? घराचं ३डी मॉडेल सांगाड्याच्या फोटोतल्याच कॅमेऱ्यातून बांधलं असतं तर ही चूक पहिल्या तासात दिसली असती.

म्हणून सुरुवात फोटोपासून. घराच्या कोपऱ्यावरून उभे राहा, दर्शनी आणि बाजूची अशा दोन्ही भिंतींच्या रेषा यायला हव्यात. मोबाईलची १x लेन्स वापरा. 0.5x ने अख्खं घर मावतं खरं, पण कडेचे कॉलम वाकतात आणि पुढे काहीच जुळत नाही. फोटो क्रॉप करू नका, मोबाईलमध्ये सरळही करू नका, कारण सॉफ्टवेअर कॅमेऱ्याचा मध्य फोटोच्या मध्यावर धरून चालतं. दुपारी बारा-एकला काढू नका. मे अखेरीस आपल्याकडे सूर्य थेट डोक्यावर असतो. स्लॅबच्या बाहेर आलेल्या भागाची सावली भिंतीवर सरळ खाली पडते आणि कशाची किती खोली आहे ते कळत नाही. आणि त्याच फेरीत टेपने मापं घ्या: पहिल्या कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत, मधला एक गाळा, स्लॅब ते स्लॅब उंची आणि गॅलरीचा पुढावा.

मी स्केचअपचं सांगतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक इंजिनिअरांकडे तेच असतं. Camera > Match New Photo मध्ये फोटो घ्या, ग्रिड Outside ठेवा. पिवळा चौकोन, म्हणजे मूळबिंदू, कोपऱ्यावरच्या कॉलमच्या पायाशी. दोन लाल पट्ट्या दर्शनी बाजूच्या आडव्या रेषांवर, दोन हिरव्या बाजूच्या भिंतीच्या. एका रंगाच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवा: एक वरच्या स्लॅबच्या खालच्या कडेवर, दुसरी प्लिंथ बीमवर. सगळं काम इथेच बसतं किंवा फसतं.

त्या घराचं बघा. Done दाबून कॉलमच्या बाहेरच्या दोन कडांमध्ये एक रेष ओढली, टेप टूलने ती मोजून 32'3" टाइप केलं आणि मॉडेलचा आकार बदलू दिला. स्केल बसला. पण ताळा म्हणून मधला गाळा मोजला तर १२ फुटांऐवजी १२ फूट ७ इंच. कारण खालची लाल पट्टी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली होती, आणि ती भिंत रस्त्याच्या उताराबरोबर उतरत गेलेली. पट्टी प्लिंथ बीमवर नेल्यावर तोच गाळा १२ फूट १ इंच आला. इतका फरक चालतो. दोन इंचांच्या वर गेला तर पुढे जाऊ नका, पट्ट्या परत लावा. विटांच्या थरांवर, सेंट्रिंगच्या फळ्यांवर किंवा पत्र्याच्या शेडवर पट्टी लावायचीच नाही. त्या रेषा गवंड्याच्या डोळ्याने आलेल्या असतात.

मग आधी फक्त सांगाडा काढा: कॉलम, बीम, स्लॅब. भिंत, खिडकी काही नाही. त्याचा ग्रुप करून लॉक करा. फोटो मागे, मॉडेल पुढे ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करून बघा, कॉलमच्या कडा फोटोतल्या कडांवर बसल्या पाहिजेत. मॉडेल फिरवलं की फोटो नाहीसा होतो, घाबरू नका, वरच्या सीनच्या टॅबवर क्लिक केलं की परत येतो.

आता जिथे बहुतेक जण चुकतात ते. फोटोत दिसतो तो उघडा काँक्रीट, घर दिसणार आहे प्लास्टरसकट. बाहेरचं प्लास्टर साधारण २० मिमी, म्हणजे ९ इंची कॉलम दोन्ही बाजूंनी उघडा राहिला तर तयार झाल्यावर साडेदहा इंचांच्या आसपास दिसतो. त्याहून मोठा प्रश्न भिंतीचा. सहा इंची वीटकाम कॉलमच्या बाहेरच्या तोंडाशी येणार असेल तर कॉलम प्लास्टरखाली दडून जातो. आतल्या तोंडाशी येणार असेल तर १५ इंची कॉलम भिंतीच्या नऊ इंच पुढे उभा दिसतो आणि त्याची सावली पडते. एकाच सांगाड्यावर ही दोन वेगळी घरं झाली. हे फोटोतून कळत नाही, गवंड्याला विचारा. स्लॅबवर उभ्या राहिलेल्या सळ्या पुढे मजला चढवायचा असेल तर कापायच्या नसतात. रेंडरमध्ये गच्चीवरच्या साडेतीन फुटी कठड्यामागे जेवढ्या झाकतात तेवढ्या झाका, उरलेल्या दिसू द्या.

नको त्या जागी आलेला कॉलम लपवू नका, सजवा. त्या तिसऱ्या कॉलमभोवती सव्वा फुटी पट्टा केला आणि तो थेट कठड्यापर्यंत नेला. पोर्चच्या मधोमध आलेली अडचण डिझाइनचाच भाग वाटायला लागली. तो पट्टा गॅलरीच्या कडेवर चढवणार असाल तर वीट नको, लोखंडी फ्रेमवर फायबर सिमेंट बोर्ड.

रेंडर फोटोच्याच प्रमाणात काढा. फोटो ४:३ असेल आणि स्केचअपमधून रेंडर काढणाऱ्या व्ही-रेमध्ये Aspect Ratio ला Match Viewport राहिलं, तर स्क्रीनवरच्या स्केचअपच्या विंडोच्या आकाराचं चित्र येतं आणि फोटोवर बसत नाही. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून फोटोवर ठेवा. समोरचा विजेचा खांब आणि निंबाचं झाड मूळ फोटोतून कापून सगळ्यात वर. टेकू, परांची, वाळूचा ढीग रेंडरखाली जातात. जे कडेला उरतात ते हाताने पुसा. मॉडेलमध्ये उत्तर दिशा, ठिकाण आणि UTC+5:30 नीट टाकून फोटोची वेळ लावा, नाहीतर झाडाची सावली एकीकडे आणि छज्जाची दुसरीकडे.

एआय वापरायचंच असेल तर उघड्या सांगाड्याचा फोटो देऊ नका. त्यात भिंत नाही, म्हणून ते भिंतीबरोबर कॉलमही आपल्या मनाने उभे करतं. भिंती-खिडक्यांसकट तयार मॉडेलचं चित्र द्या. Stable Diffusion असेल तर चित्राचा आकार धरून ठेवणाऱ्या ControlNet मध्ये depth किंवा mlsd लावा आणि denoising strength, म्हणजे दिलेलं चित्र किती बदलू द्यायचं तो आकडा, 0.3 च्या आसपास ठेवा. 0.6 ला घर सुंदर होतं, पण ते तुमचं नसतं. आलेल्या चित्रावर लॉक केलेला सांगाडा परत ठेवून बघा.

एक राहिलं. कॉलम ओळंब्यात नसेल तर तो मॉडेलशी कधीच जुळणार नाही, आणि ती चूक मॉडेलची नाही. बाकीचे जुळतात आणि एकाच कॉलमच्या कडा खालपासून वरपर्यंत सरकत गेलेल्या दिसल्या, तर रेंडर बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला ओळंबा लावायला बोलवा.