मराठी माणसाने बडोदा म्हणावं की वडोदरा?

प्रश्न: ऑफिसमधले गुजराती सहकारी वडोदरा म्हणतात, घरी आई बडोदा म्हणते. मराठीत लिहिताना, बोलताना आणि फॉर्म भरताना नक्की कुठलं नाव वापरायचं?

तुमच्या आईचं बरोबर आहे. सहकाऱ्यांचंही. चुकलं ते आमच्या मेहुण्यांचं, आणि तीस वर्षांनीही मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. पणजोबा गायकवाडांच्या नोकरीत आले आणि आम्ही इथलेच झालो. ताईचं लग्न १९९१ साली. मेहुणे पुण्याचे. पत्रिकेचा मजकूर वडिलांनी लिहिला : ‘स्थळ : बडोदे’. मेहुण्यांनी तो वाचला आणि आमच्याच ओटीवर बसून वडिलांना समजावलं, “बडोदे कसलं अण्णा, ते जुनं झालं. १९७४ पासून वडोदरा आहे. लोक हसतील.” व्याह्यांकडचा माणूस, त्यातून होणारा जावई. अण्णा गप्प बसले, पत्रिका ‘वडोदरा’ छापून आल्या. आठवड्याने कोल्हापूरच्या आत्याचं कार्ड : “लग्न बडोद्यालाच आहे ना? हे वडोदरा कुठलं नवीन गाव?”

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मी नाही नेलं. कारण हेच मेहुणे एकदा मंगळबाजारात आमच्या कापडवाल्याशी भांडले होते. तो बिचारा गुजरातीत “तमे पूनाथी आव्या?” एवढंच म्हणाला, तर हे म्हणे, “पूना नाही, पुणे म्हणायचं!” म्हणजे त्याने त्याच्या भाषेतलं नाव घेतलं तर अपमान, आणि आम्ही आमच्या भाषेतलं घेतलं तर अडाणीपणा.

एक गोष्ट लोक विसरतात. १९७४ साली सरकारी कागदावरून जे गेलं ते ‘बरोडा’, इंग्रजांच्या तोंडचं. गुजराती माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून वडोदराच म्हणत होता. ‘वड’ त्यात उघड दिसतो. आणि मराठी माणूस बडोदे म्हणत होता. मराठी नाव बदलायला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यात बाहेरच्यांनी दिलेलं नाव म्हणजे काय, हेही नीट बघा. तंजावर किंवा इंदूर असं पुण्यात बसून म्हणणं हे बाहेरून दिलेलं नाव झालं. (खुद्द इंदूरचा मराठी माणूस म्हणाला तर गोष्ट वेगळी.) पण अठराव्या शतकापासून जी भाषा त्याच गावात, त्याच पेठांत बोलली जाते, तिच्यातलं नाव बाहेरचं कसं? रावपुऱ्यातली म्हातारी “बडोद्यात पाणी भरलं” म्हणते तेव्हा ती स्वतःच्या गावाचं स्वतःचं नाव घेत असते. २०१८ साली मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेही बडोद्याचंच संमेलन म्हणून लोकांच्या तोंडी आहे.

माझी कसोटी साधी आहे : नाव विभक्तीत वाकतं का? पुणे-पुण्याला, ठाणे-ठाण्याला, बडोदे-बडोद्याला. ‘वडोदरा’चं काय करता? कोणी ‘वडोदऱ्याला’ लिहितो, कोणी ‘वडोदरामध्ये’ लिहून सुटका करून घेतो. बातम्या वाचून बघा, अवघडलेपण लगेच दिसेल.

फॉर्मचं म्हणाल तर तिथे भाषाप्रेम नको. पत्ता, जन्मस्थळ : वडोदरा. जन्मदाखल्यावर जुनं ‘बरोडा’ आणि पासपोर्टवर वडोदरा असेल तर एकाला चूक ठरवू नका, जोडपत्रात ‘वडोदरा, पूर्वीचे बरोडा’ असं एकदा स्पष्ट लिहा. माझ्या पुतणीचा परदेशातला अर्ज यापायी तीन आठवडे अडकला होता, तिथल्या कारकुनाला ती दोन शहरं वाटली. संस्थांची नावं मात्र तशीच ठेवायची. बँक १९०८ पासून बँक ऑफ बरोडाच आहे, विद्यापीठाच्या इंग्रजी नावातही बरोडाच.

आणि हो, गुजरातीत बोलताना वडोदराच म्हणा. मी स्वतः तेच म्हणतो. बडोद्याचं हे गणित बेळगावला जसंच्या तसं लावू नका. तिथेही मराठी नाव तिथल्याच लोकांचं आहे, पण २०१४ च्या बेळगावीनंतर नावामागे सीमावाद उभा असतो आणि समोरचा शब्द नाही, बाजू ऐकतो. इथे तसलं भांडण नाही.

भांडण फक्त आमच्या घरात आहे. मागच्या दिवाळीत मेहुण्यांनी इकडे यायचं तिकीट काढलं आणि ताईला फोन द्यायच्या आधी मला विचारलं, “स्टेशनचा कोड काय रे वडोदऱ्याचा?” मी म्हटलं, “BRC. त्यातला बी कशाचा, ते गाडीत बसल्यावर सांगा.”