आकडा सापडला म्हणजे वाक्य बरोबर, असं नाही

प्रश्न: आमच्या नागरी बँकेत मासिक आढाव्याचा गोषवारा आता सॉफ्टवेअरच तयार करून देतं. पाठवण्याआधी मी त्यातला प्रत्येक आकडा मूळ तक्त्यात शोधतो आणि सगळे सापडतात. तरी गेल्या बैठकीत एका संचालकांनी दोन चुका काढल्या. अजून काय बघायला हवं?

उत्तर:

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वी मीही अगदी हेच करत होतो. गोषवाऱ्यातला आकडा घ्यायचा, तक्त्यात Ctrl+F मारायचं, सापडला की हिरवी खूण. मी सीए नाही, हिशेब विभागात वीसेक वर्षं काढलेला माणूस आहे, तेव्हा नियमांच्या बाबतीत तुमच्या लेखापरीक्षकांचा शब्द अंतिम धरा. तारीख, शाखेचं नाव, बेरीज या गोष्टी तुम्ही बघतच असाल, त्या सोडून देतो.

आमचं काय झालं ते सांगतो. आकडे थोडे बदललेत, पण प्रमाण तेच आहे. तक्त्यात मागच्या महिन्याची एकूण कर्जं १२६.१० कोटी आणि ढोबळ एनपीए ६.०५ कोटी, म्हणजे ४.८० टक्के. चालू महिन्यात कर्जं १२४.६० कोटी, ढोबळ एनपीए ६.७३ कोटी, म्हणजे ५.४० टक्के. शेवटी 'फरक' नावाचा रकाना. गोषवाऱ्यात वाक्य आलं: 'थकबाकीत ०.६० टक्के वाढ झाली असून ती ६.७३ कोटींवर पोहोचली आहे.' मी ०.६० शोधला, सापडला. ६.७३ शोधला, तोही सापडला. पाठवून दिलं.

या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली टक्क्यांची. ४.८० वरून ५.४० हा ०.६० टक्केबिंदूंचा फरक आहे, प्रमाणातला. रक्कम मात्र ६.०५ वरून ६.७३ झाली, म्हणजे ६८ लाखांनी, जवळजवळ ११.२ टक्क्यांनी वाढली. वाचणाऱ्याला वाटतं वाढ नगण्य आहे. चुकीचं मूळ आमच्याच तक्त्यात होतं. प्रमाणाच्या ओळीला टक्क्यांचं फॉरमॅट लावलेलं, त्यामुळे फरकाच्या खान्यातही 0.60% असंच दिसायचं. सॉफ्टवेअरने जे दिसलं ते उचललं आणि शेजारच्या रकमेला चिकटवलं. माणसानेही कदाचित तेच केलं असतं, पण आमचा जुना शिपाई-कम-टायपिस्ट निदान विचारायला तरी यायचा.

दुसरी चूक मला जास्त टोचते, कारण ती आकड्यात नव्हतीच. मागच्या वाक्यात 'एनपीए' येऊन गेला होता, म्हणून या वाक्यात सॉफ्टवेअरने 'थकबाकी' लिहिलं. पुनरुक्ती टाळायची हौस! शाळेच्या निबंधाला ठीक आहे, बँकेत नाही. थकबाकी म्हणजे मुदत उलटलेले हप्ते, आणि एनपीए म्हणजे ९० दिवसांहून जास्त थकलेल्या खात्याची सगळी येणे बाकी. आमच्या तक्त्यात थकबाकीची वेगळी ओळ होती, ३.१२ कोटींची. आता वाचणाऱ्याने कोणता आकडा खरा मानायचा?

हा गोषवारा आम्ही एका कार्यालयाला पाठवायच्या मासिक विवरणपत्रालाही जोडला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही. विवरणपत्र अचूक होतं, चूक फक्त वरच्या कागदावर. आम्ही त्याच दिवशी दुरुस्तीचं दोन ओळींचं पत्र दिलं. ते घेतलं नाही. 'विसंगतीचा खुलासा' हवा म्हणाले. खुलासा दिला, तर संपूर्ण विवरणपत्र नव्याने मागितलं. नव्याने दिलं, तर ते आधीच्यापेक्षा वेगळं का नाही, असं विचारलं. बरोबर होतं म्हणून वेगळं नाही हो! पाच खेपा झाल्या, आणि शेवटी फाईलला लागलं ते पहिल्या दिवशीचं दोन ओळींचं पत्रच. असो, रक्तदाब वाढतो.

त्यानंतर तपासायची रीत बदलली. शोधायचा तो आकडा नव्हे, वाक्य. गोषवाऱ्याची छापील प्रत काढायची आणि प्रत्येक आकड्याखाली तक्त्यातला खाना लिहायचा, C8 असा. मग त्या खान्याची ओळ आणि रकाना मोठ्याने वाचायचा: 'ढोबळ एनपीएचं प्रमाण, चालू महिना.' वाक्यात नाम तेच आहे का, महिना तोच आहे का, एकक तेच आहे का? आमच्याकडे एक जण तक्ता वाचतो, दुसरा छापील प्रतीवर खुणा करतो. एकट्याने केलं की डोळे अपेक्षित तेच वाचतात. पानभर मजकुराला वीस मिनिटं लागतात.

ज्या आकड्याचा खाना सापडत नाही, किंवा जो फरक, वाढ, सरासरी असा काढलेला असतो, तो स्वतः काढून बघायचा. B मागचा महिना, C चालू, ६ वी ओळ रक्कम आणि ८ वी प्रमाण असेल तर:

```
=(C6/B6-1)*100
=(C8-B8)*100
```

पहिल्यात वाढ टक्क्यांत येते, दुसऱ्यात टक्केबिंदूंत. खान्याचं फॉरमॅट साधा आकडा ठेवा, टक्के नको, नाहीतर पुन्हा तोच गोंधळ. आणि माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: गोषवाऱ्यात '०.६० ने वाढ' असं लिहूच देऊ नका. '४.८० टक्क्यांवरून ५.४० टक्क्यांवर' असं दोन्ही टोकांसह लिहा. वाक्य लांबतं, लांबू द्या.

सरासरीवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. शाखानिहाय टक्के दिले की सॉफ्टवेअर कधी कधी त्यांची सरळ सरासरी काढून मोकळं होतं. समजा एका शाखेचं कर्ज ८० कोटी आणि एनपीए ३ टक्के, दुसरीचं ५ कोटी आणि २० टक्के. सरळ सरासरी साडेअकरा येते. प्रत्यक्षात २.४० आणि १ मिळून ३.४० कोटी, भागिले ८५ कोटी, म्हणजे ४ टक्के. टक्क्यांची सरासरी दिसली की रकमांपर्यंत मागे जायचं.

तुमच्या दोन चुकांपैकी एक बहुधा शब्दात लपलेली असणार, असा माझा अंदाज आहे, चुकू शकतो. 'सलग तिसऱ्या महिन्यात', 'निम्म्याहून अधिक', 'सर्वाधिक', 'किंचित घट' हेही आकडेच आहेत, फक्त अंकात लिहिलेले नाहीत, म्हणून Ctrl+F ला दिसत नाहीत. 'सलग तिसऱ्या' साठी वाढ झालेले तिन्ही महिने आणि त्यांच्याआधीचा एक, असे चार महिन्यांचे आकडे लागतात. तक्त्यात दोनच असतील तर ते वाक्य सॉफ्टवेअरने आणलं कुठून? आम्ही अशा शब्दांभोवती लाल पेनने गोल करतो आणि आधार नसला की शब्द खोडतो.

एक सवय मोडायला मला वेळ लागला. तपासणीचं कामही त्याच सॉफ्टवेअरला सांगायचा मोह होतो, आणि 'सर्व आकडे जुळतात' असं छान उत्तरही मिळतं. आम्ही ०.६० चं वाक्य नंतर मुद्दाम तसं तपासून घेतलं होतं. जुळतं म्हणालं.

आणि हो, गोषवारा तयार झाला त्याच क्षणी तक्त्याची पीडीएफ करून ठेवा. आमच्याकडे दुपारी एका शाखेची उशिराची नोंद आली, तक्ता बदलला आणि सकाळचा गोषवारा तसाच गेला. तासभर आम्ही नसलेली चूक शोधत बसलो होतो.