जादा कामाला नकार देताना

विक्री विभागाच्या अहवालाचं जादा काम नाकारणाऱ्या तुमच्या पत्राचा मसुदा वाचला. सूर चांगला आहे, पण नकार पार चौथ्या परिच्छेदात आलाय. तो पहिल्याच वाक्यात आणा. त्याआधी नेमणूकपत्र उघडा. त्यात ‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ असं कलम असेल, तर ‘हे माझं काम नाही’ हा मुद्दा टिकत नाही. मग वेळेचा हिशोब मांडा:

“विक्री विभागाचा मासिक अहवाल करण्याची जबाबदारी मी स्वीकारू शकत नाही. माझे ताळमेळाचे काम दरमहा 5 तारखेपर्यंत द्यावे लागते आणि हा अहवालही त्याच आठवड्यात येतो. नवीन व्यक्तीला पद्धत समजावून देण्यासाठी मी एक दिवस देईन.”

नवखे हमखास दोन चुका करतात:
- घरच्या अडचणी सांगतात. मग चर्चा त्यांवरच होते.
- ‘सध्या जमणार नाही’ लिहितात. ‘सध्या’ काढाच, नाहीतर पुढच्या महिन्यात तेच काम परत टेबलावर येतं.