स्टिक ड्रिफ्ट: कंट्रोलर उघडण्याआधी आकडे बघ

प्रश्न: दादा, पीएस फाइव्हचा ड्युअलसेन्स आहे, दीड वर्ष झालं घेऊन. लेफ्ट स्टिकला हात न लावता प्लेयर आपोआप पुढे चालतो. पावसाळ्यात जास्तच वाढलंय. दुकानवाला म्हणतो सरळ नवीन घ्या. साफ करून होईल का की खरंच बदलावा लागेल?

उत्तर:

दुकानवाल्याचं लगेच ऐकू नकोस, पण स्क्रू ड्रायव्हर पण हातात घेऊ नकोस अजून. आधी कंट्रोलर केबलने लॅपटॉपला लाव आणि क्रोममध्ये hardwaretester.com/gamepad उघड. तिथे लेफ्ट स्टिकचे दोन आकडे दिसतील, Axis 0 म्हणजे डावं-उजवं आणि Axis 1 म्हणजे वर-खाली, वर ढकललं की आकडा मायनसमध्ये जातो. स्टिक मोकळी असताना 0.00392 असं काहीतरी दिसलं तर घाबरू नको, ड्युअलसेन्स आकडा 256 पायऱ्यांमध्ये पाठवतो त्यामुळे मधोमध शून्य कधीच बसत नाही. साधारण 0.05 च्या आत असेल तर बहुतेक गेम तिकडे लक्ष देत नाहीत.

आता तीन गोष्टी बघायच्या. पहिली, हात न लावता आकडा एका जागी गप्प बसलाय की सारखा थरथरतोय. दुसरी, स्टिक पूर्ण वर नेऊन पटकन सोड आणि आकडा लिहून ठेव, मग पूर्ण खाली नेऊन सोड, परत लिही, असं चार-पाच वेळा कर. तिसरी, स्टिक अगदी हळू, मुंगीच्या चालीने मधून वर ने आणि आकडा सलग वाढतोय की मध्येच उडी मारतोय ते बघ. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या बिघाडांकडे बोट दाखवतात, म्हणून एवढा वेळ घालव.

आत काय असतं ते सांगतो म्हणजे आकडे वाचता येतील. प्रत्येक स्टिकच्या खाली एक चौकोनी मॉड्यूल असतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शियोमीटर, एक आडव्यासाठी आणि एक उभ्यासाठी. त्यात कार्बनचा काळा ट्रॅक असतो आणि त्यावरून धातूची बारीक बोटं घासत जातात. आपण खेळताना स्टिक बहुतेक वेळ मधल्या भागातच हलवतो, म्हणून ट्रॅक सगळ्यात आधी मध्येच झिजतो आणि त्याची पूड तिथेच पडून राहते. दमट हवेने ट्रॅक झिजत नाही, पण ही पूड आणि बाहेरची धूळ दमटपणाने चिकटून बसते, त्यामुळे आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ड्रिफ्ट एकदम वाढल्यासारखा वाटतो. तुझं पावसाळ्यात वाढलं म्हणतोस म्हणजे साफसफाईने फरक पडायची शक्यता आहे, नक्की आकडेच सांगतील.

आकडा थरथरतोय किंवा हळू नेताना उड्या मारतोय, तर घाण किंवा झीज, इथे साफ करून बघायचं. आकडा गप्प आहे, दर वेळी एकाच ठिकाणी परत येतोय, फक्त ते ठिकाण मध्यापासून सरकलंय, तर घासाघासीची गरज नाही, कॅलिब्रेशन कर. dualshock-tools.github.io वर क्रोममधून ड्युअलसेन्सचा मध्य नव्याने बसवता येतो, आधी तात्पुरता बसवून बघ, ठीक वाटला तरच पर्मनंट कर. आणि वरून सोडलं की -0.07, खालून सोडलं की +0.06, असं होत असेल तर स्प्रिंग सैल झालीये, स्टिक मधे परतच येत नाहीये. त्यावर अल्कोहोल आणि कॅलिब्रेशन दोन्हीचा काही उपयोग नाही, मॉड्यूलच बदलायचं.

साफ करायला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, केमिस्टकडचं 70 टक्केवालं नको, त्यात पाणी असतं. साधा डब्ल्यूडी-फॉर्टी तर अजिबात मारू नको, तेलाचा थर राहतो आणि त्यावर अजून धूळ बसते. कंट्रोलर बंद करून स्टिक एका बाजूला कलंडव, दोन-तीन थेंब फटीत सोड, स्टिक मिनिटभर गोल फिरव, एल थ्री दाबत रहा, मग रात्रभर पंख्याखाली ठेव कारण या हवेत सुकायला वेळ लागतो. वरून टाकलेला थेंब बाजूच्या पोटेन्शियोमीटरपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून कधी एकदम मस्त फरक पडतो आणि कधी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच आकडे बघ.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराचा कंट्रोलर असाच आला होता. Axis 1 मोकळा असताना -0.09 ते -0.14 मध्ये नाचत होता, Axis 0 एकदम ठीक, म्हणजे फक्त उभ्याचा पोटेन्शियोमीटर. अल्कोहोल टाकल्यावर -0.02 वर आला आणि थरथर गेली, पोरगा खूश. काही आठवड्यांनी परत तसाच. तेव्हा उघडला. मधली काळी पट्टी ओढून काढली, एल वन आर वन उचकटून त्याखालचे दोन आणि हेडफोनच्या भोकाजवळचे दोन असे चार स्क्रू, मग बॅटरीचा कनेक्टर काढून बोर्ड सावकाश उचलला (रिबन केबल आणि मोटरच्या वायरी जपा, ओढू नका). पोटेन्शियोमीटरचं हिरवं झाकण बारीक चिमट्याने सुटं केलं, त्याच्या तीन पिना बोर्डात सोल्डर असतात म्हणून ते पूर्ण निघत नाही, जरासं बाहेर कलतं. आतली पांढरी चकती काढून झाकणाच्या आतला ट्रॅक टॉर्चने बघितला, तर सगळीकडे एकसारखा काळा आणि मधोमध एक चकचकीत फिकट रेघ. तिथला कार्बन गेलाय, तो कापसाने परत येत नाही. नुसती पूड असती तर कापसाच्या बडला काळं लागून ट्रॅक एकसारखा दिसला असता. तिथे जोरात घासायचं नाही, उरलासुरला कार्बन पण निघतो.

म्हणजे माझा हिशोब असा, साफ केल्यावर आकडे सुधारले आणि टिकले तर विषय संपला. सुधारून थोड्याच दिवसांत परत तीच थरथर आली तर पुन्हा पुन्हा अल्कोहोल टाकत बसू नको, मॉड्यूल बदल. मधल्या काळात गेममधला डेडझोन, म्हणजे मधल्या ज्या हालचालीकडे गेम लक्षच देत नाही तो भाग, वाढवून चालवता येतं, फुटबॉलला कळणार पण नाही, पण शूटिंगमध्ये नेम धरताना ज्या छोट्या हालचाली लागतात त्याच मरतात.

मॉड्यूलला सोल्डरचे 14 जोड असतात आणि ग्राउंडचे पाय बोर्डातल्या तांब्याला जोडलेले असल्याने लवकर तापत नाहीत, घाईत खेचलं की बोर्डावरचं पॅड उखडतं आणि मग पाच-सहा हजाराचा कंट्रोलर गेला. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हा भाग स्वतः करू नको, लॅमिंग्टन रोडला करून देणारे आहेत. हॉल इफेक्ट किंवा टीएमआर मॉड्यूल घाल, त्यात चुंबक असतो, घासण्यासारखं काही नसतं, त्यामुळे ट्रॅक झिजायचा प्रश्नच नाही (स्प्रिंग मात्र त्याची पण सैल होऊ शकते). बसवल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं, ते न करता दिला तर मध्य चांगलाच सरकलेला येतो आणि तुला वाटेल नवीन पण खराब निघाला. एकच स्टिक गेलीये तर बदलणं परवडतं. दोन्ही स्टिक गेल्यात, वर ट्रिगर पण ढिला आणि बॅटरी पण लवकर उतरते असं असेल तर मीच म्हणेन नवीन घे.

पैसे देण्याआधी दुकानातच कंट्रोलर ब्लूटूथने फोनला जोड, तीच टेस्टरची साइट उघड आणि वरून-खालून सोडून आकडे बघ, आणि काढलेलं जुनं मॉड्यूल मागून घे. तुझे आकडे इथे टाक, थरथर आहे की नाही ते पण लिही, मग बघून सांगतो.