चिंगी आणि ओढा: चित्रपुस्तकाच्या मजकुराबद्दल

प्रश्न: चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक लिहिलंय. चिंगी नावाचं करडू ओढा ओलांडायला घाबरतं, अशी गोष्ट आहे. १६ पानं, साधारण ६०० शब्द. शब्द मुलांना झेपतील का, वाचून दाखवताना कसं वाटेल आणि शेवट नीट पोचतो का, कुणी बघून सांगेल का? जोडाक्षरं शक्यतो टाळली आहेत. मजकूर जोडलाय.

उत्तर:

दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. गोष्ट उभी आहे. काम आहे ते वाक्यांवर आणि शेवटच्या दोन-तीन पानांवर.

या वयाला पुस्तक बहुतेक वेळा मोठं माणूस वाचून दाखवतं, मूल ऐकतं. त्यामुळे जोडाक्षरं टाळायची धडपड सोडून द्या. ती कसोटी मूल स्वतः अक्षरं लावून वाचणार असेल तेव्हाची. जोडाक्षर नको म्हणून तुम्ही ‘मैत्रीण’ काढून ‘सखी’ घातलंय. मैत्रीण हा शब्द मूल बालवाडीत रोज बोलतं, सखी कुणाच्या तोंडून ऐकणार? उलट ‘भयभीत’, ‘निर्धार’, ‘आत्मविश्वास’ हे शब्द चित्रात दाखवता येत नाहीत आणि कानालाही ओळखीचे नाहीत. ते काढा. ‘करडू’ आणि ‘शेवाळ’ मात्र राहू द्या. शहरातल्या मुलाला कदाचित माहीत नसतील, पण चित्र शेजारीच आहे. शेवाळ तुमच्याकडे एकदाच येऊन जातं. ते दोनदा आणा: आधी आईचा पाय शेवाळावरून सटकतो तेव्हा, आणि पुढे चिंगी त्याला चुकवते तेव्हा. शब्दही कळेल आणि गोष्टीलाही उपयोगी पडेल.

आता दुसऱ्या जोडपानावरचं हे वाक्य मोठ्याने वाचून बघा:

‘पहाटेच्या मंद प्रकाशात खळखळ करत वाहणारा ओढा पाहून भयभीत झालेली चिंगी आईच्या पाठीमागे दडून राहिली.’

चिंगी येईपर्यंत ऐकणाऱ्याला पत्ताच नाही की कोण घाबरलंय. वाचणारा डोळे मागे नेऊ शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. पहाट चित्रकार रंगवेल, ती मजकुरात कशाला? मी असं करेन:

‘ओढा वाहत होता. खळखळ, खळखळ! चिंगी थांबली. हळूच आईच्या मागे लपली.’

आणखी एक जागा चटकन लक्षात येत नाही. तुम्ही कुठे ‘करडू थांबलं’ लिहिता, पुढच्याच ओळीत ‘ती घाबरली’. ‘ते’ आणि ‘ती’ ऐकून लहान मुलाला दोन वेगळी पात्रं वाटू शकतात. पहिल्या पानावर ‘चिंगी नावाचं करडू’ एकदा सांगा, मग शेवटपर्यंत चिंगी आणि ती.

‘नको गं बाई, नको!’ हे पालुपद छान आहे, पण तिसऱ्या वेळी तुम्ही त्याचं ‘मला नाही जायचं’ केलंय. मुलं पालुपद पाठ करून वाचणाऱ्याच्या आधी म्हणतात, ते अडखळायला नको. शब्द तेच ठेवा आणि जागाही तीच ठेवा, उजव्या पानाच्या तळाशी. म्हणजे मुलांनी म्हटलं की पान उलटायचं.

हे सगळं झाल्यावर मजकूर आधी न पाहिलेल्या कुणालातरी मोठ्याने वाचायला द्या. तुम्ही पेन्सिल घेऊन गप्प बसा. ती व्यक्ती जिथे अडेल, मागे जाईल किंवा श्वास भलत्याच जागी घेईल, तिथे खूण करा. स्वतःचं लिखाण आपण सराईतपणे वाचून जातो, त्यात या जागा सापडत नाहीत.

शेवटाबद्दल जरा स्पष्ट बोलतो. चिंगी ओढा ओलांडेल का, हा प्रश्न तुम्ही दुसऱ्या जोडपानावर उभा केलात. त्याचं उत्तर असं आहे: आई तिला ढुशी देते, आणि पुढचं वाक्य ‘चिंगीला कळले की प्रयत्न केल्याशिवाय भीती जात नाही.’ ओढा ओलांडताना ती दिसतच नाही! शिवाय ढुशी आईची, म्हणजे अडचण आईने सोडवली.

पानांचा हिशेब मांडा. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं प्रकाशन-माहितीचं, तिसऱ्यावर गोष्ट सुरू. ४-५ पासून १४-१५ पर्यंत सहा जोडपानं, आणि सोळावं एकटं. ओलांडण्याला १२-१३ आणि १४-१५ अशी दोन जोडपानं द्या. आई पलीकडे उभी. १२-१३ वर चिंगी दगड बघते: ‘हा शेवाळाचा. हा नको. हा कोरडा!’ १४-१५ वर: ‘एक दगड. दोन दगड. तीन दगड. टुण्!’ चौथी उडी थेट पलीकडच्या काठावर, आईशेजारी. यासाठी मधली कावळ्याची दोन दृश्यं जातील. जाऊ द्या, त्यांनी गोष्ट पुढे सरकत नाही.

सोळाव्या पानावर बोधवाक्य नको. आई म्हणते, ‘चल, घरी जाऊ.’ चिंगी ओढ्याकडे पळत म्हणते, ‘नको गं बाई, नको! अजून एकदा!’ एवढ्यावर थांबा. या काटछाटीनंतर मजकूर साडेतीनशे शब्दांच्या आसपास येईल, आणि सोळा पानांना तेवढा पुरे.